घड्याळातल्या कॅलरी ताटात किती धरायच्या?

मशीन थांबलं तेव्हा ट्रेडमिलच्या पडद्यावर ३३४ कॅलरी होत्या. मनगटावरचं घड्याळ म्हणत होतं ४१०. पंचेचाळीस मिनिटं, ताशी ५.६ किलोमीटर, पाच टक्के चढ. फोंड्यात एका बँकेत काम करणाऱ्या या ताई आठवड्यातून पाच दिवस न चुकता यायच्या. वय ४४, उंची १५७ सेंटिमीटर, वजन ६४ किलो. दोन महिने झाले तरी काटा जागचा हलला नव्हता. "सर, रोज चारशे जातात. मग हे वजन कुठून येतं?" त्यांनी विचारलं, आणि थायरॉइडची तपासणी करून घेऊ का, असंही विचारलं.

तपासणी जरूर करावी, पण त्याआधी त्या दोन आकड्यांचा हिशेब मांडून पाहू, असं मी सांगितलं. तो त्यांच्यासमोर वहीत मांडला होता, तसाच इथे देतो. आपापलं वजन आणि आपापला वेग घालून कुणालाही तो करता येईल.

आधी मशीनचे ३३४

ट्रेडमिल काही मोजत नाही. तिला पट्ट्याचा वेग ठाऊक असतो, चढ ठाऊक असतो आणि वेळ ठाऊक असते. एवढ्यावरून ती एका ठरावीक सूत्राने माणसाला किती ऑक्सिजन लागला असेल याचा अंदाज काढते आणि त्याचं कॅलरीत रूपांतर करते. व्यायामशास्त्रात रूढ असलेलं हे सूत्र साध्या चालण्यासाठी बऱ्यापैकी चांगलं आहे. चूक सूत्रापेक्षा त्यात शिरणाऱ्या गोष्टींत आहे, आणि ताईंच्या बाबतीत अशा तीन गोष्टी निघाल्या.

पहिली गोष्ट वजन. सुरुवातीला मशीन वजन विचारतं, आपण घाईत 'क्विक स्टार्ट' दाबतो. मग मशीन स्वतःचं ठरलेलं वजन धरतं, बऱ्याच मशीनमध्ये ते ७० किलोच्या आसपास असतं. ७० किलोच्या माणसासाठी ३३४ हा आकडा बरोबर येतो. ६४ किलो घातले की तोच ३०५ होतो.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे, कारण ती वजन नीट घातलं तरी उरते. मशीन दाखवतं तो सगळा खर्च असतो. त्यात तुम्ही नुसतं बसून राहिला असता तरी शरीराने जे जाळलंच असतं तेही धरलेलं असतं. हा बसल्या जागचा खर्च साधारण दर किलोमागे तासाला एक कॅलरी एवढा असतो. ताईंचा पाऊण तासाचा आकडा जवळपास ५० येतो. ३०५ मधून ५० गेले, २५५ राहिले. दिवसाच्या एकूण हिशेबात हे ५० आधीच धरलेले असतात, म्हणून व्यायामाच्या नावावर ते पुन्हा लिहिले की एकच खर्च दोनदा मोजला जातो.

तिसरी गोष्ट मला लांबूनच दिसत होती. ताई दोन्ही हातांनी पुढचा दांडा धरून, किंचित मागे झुकून चालायच्या. चढावर असं लटकलं की अंगाचा भार हातांवर जातो आणि शरीर पट्ट्याशी जवळपास तसाच कोन करतं जसा सपाट जमिनीशी केला असता. पडद्यावर पाच टक्के चढ असतो, पायांना तेवढा लागत नाही. मशीनला हे कळायचा मार्ग नाही.

त्यामुळे किती कमी झालं हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, पण दोन टोकं काढता येतात. त्यासाठी हाताने करायचा हिशेब असा:

```
सपाट चालणे : वजन (किलो) × अंतर (किमी) × ०.५
धावणे       : वजन (किलो) × अंतर (किमी) × १
चढ          : वजन (किलो) × चढलेले मीटर × ०.००९
```

यात बसल्या जागचा खर्च आधीच वगळलेला आहे. चालण्याची ओळ ताशी तीन ते सहा किलोमीटर वेगापर्यंत चांगली लागू पडते. ताईंचं अंतर ४.२ किलोमीटर, म्हणून सपाट चालण्याचे ६४ × ४.२ × ०.५ = १३४. पाच टक्के चढ म्हणजे ४.२ किलोमीटरमध्ये २१० मीटर उंची, त्याचे ६४ × २१० × ०.००९ = १२१. बेरीज २५५, वर वजाबाकीने आली तेवढीच. दांडा अजिबात न धरता चाललं तर २५५, आणि चढ पूर्ण हातांवर घेतला तर १३४. खरा आकडा या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असणार. आम्ही १९० धरला.

ज्यांना तोल जाण्याची भीती आहे किंवा गुडघ्याचा त्रास आहे त्यांनी दांडा जरूर धरावा. फक्त चढ शून्यावर आणावा आणि सपाट चालण्याचाच आकडा धरावा. इतरांनी दांडा सोडून ज्या चढावर नीट चालता येतं तोच आपला चढ समजावा. ताईंना हात सोडल्यावर पाच टक्क्यांवर धाप लागली, म्हणून आम्ही दोन टक्क्यांवर आलो. पडद्यावरचा आकडा घसरला तेव्हा त्या हिरमुसल्या, पण पायांना मिळणारं काम कमी झालेलं नव्हतं.

इतर मशीनबद्दल थोडक्यात. सायकलवर वॅट दिसत असतील तर सरासरी वॅट × मिनिटं × ०.०६ केलं की कामाचे किलोज्यूल मिळतात, आणि तोच आकडा कॅलरी म्हणून धरला तरी चालतो. शरीर खर्चलेल्या ऊर्जेचा चौथा-पाचवा हिस्साच पॅडलपर्यंत पोचवतं आणि एका कॅलरीत चार किलोज्यूलच्या वर ऊर्जा असते, त्यामुळे दोन्ही गोष्टी एकमेकींना जवळपास कापतात. ८० वॅटने अर्धा तास म्हणजे १४४. हलक्या सायकलिंगला हा आकडा जरासा कमीच पडेल, त्याने बिघडत काही नाही. एलिप्टिकलचा आकडा मात्र मी मुळीच वापरत नाही. प्रत्येक कंपनीच्या मशीनची चाल वेगळी असते, चाक स्वतःच्या जोरावरही फिरतं, आणि चालण्यासारखं भरवशाचं सूत्र त्याला लागू होत नाही. तिथे मिनिटं लिहावीत आणि पुढे जावं.

घड्याळाचे ४१० कुठून आले

घड्याळ निदान काहीतरी मोजतं. मागच्या बाजूचा हिरवा प्रकाश कातडीत शिरतो, रक्ताच्या प्रत्येक ठोक्याबरोबर तो कमीजास्त परत येतो, त्यावरून हृदयाचे ठोके समजतात. हे काम आता चांगलं होतं. २०१७ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी ६० जणांवर सात मनगटी उपकरणं तपासली. सातपैकी सहांच्या ठोक्यांच्या मोजणीत चूक पाच टक्क्यांच्या आत होती. त्याच उपकरणांच्या कॅलरींमध्ये मात्र सगळ्यात बऱ्या उपकरणाचीही सरासरी चूक २७ टक्के निघाली आणि सगळ्यात वाईटाची ९३ टक्के.

ठोके बरोबर आणि कॅलरी चूक, असं होतं कारण ठोक्यांवरून कॅलरी काढताना घड्याळाला एक गृहीतक घ्यावं लागतं. ठोके वाढले म्हणजे स्नायू जास्त ऑक्सिजन वापरताहेत, हे ते गृहीतक. थंड, कोरड्या खोलीत, एकसारख्या वेगाने धावणाऱ्या माणसाबाबत ते बऱ्यापैकी खरं असतं. आपण गोव्यात राहतो. एप्रिल-मे महिन्यात, किंवा पाऊस थांबून ऊन पडलेल्या ऑक्टोबरातल्या दुपारी, हवेत एवढा दमटपणा असतो की घाम सुकतच नाही. अंग थंड ठेवायला हृदय कातडीकडे जादा रक्त ढकलतं, घामाने रक्तातलं पाणी कमी होतं, प्रत्येक ठोक्यात पूर्वीएवढं रक्त जात नाही, म्हणून ठोके वाढतात. पायांचं काम तेवढंच असतं. घड्याळ वाढलेले ठोके पाहतं आणि कॅलरी वाढवून लिहितं.

हे स्वतः तपासण्यासारखं आहे. एक दिवस एसी किंवा पंख्याखाली तीस मिनिटं ठरावीक वेगाने सपाट चाला. दोन दिवसांनी त्याच वेळी, त्याच वेगाने, पंखा बंद करून चाला. पाणी जवळ ठेवा, चक्कर आल्यासारखं वाटलं तर लगेच थांबा. ट्रेडमिल दोन्ही दिवशी एकच आकडा दाखवेल. घड्याळाचे आकडे शेजारी शेजारी लिहिले की उकाड्याच्या नावावर किती कॅलरी चढतात ते कळेल. ताईंच्या घड्याळात हा फरक चाळीसच्या वर होता.

वजनं उचलताना हीच गोष्ट आणखी ठळक होते. जड वजन उचलताना आपण श्वास रोखतो, स्नायू आवळतात, रक्तदाब आणि ठोके दोन्ही उसळतात, पण ऑक्सिजनचा वापर त्या मानाने वाढत नाही. घड्याळाला धावणं आणि डेडलिफ्ट यांतला फरक ठोक्यांवरून समजत नाही. ६४ किलोच्या व्यक्तीच्या मध्यम जोराच्या तासाभराच्या वेट ट्रेनिंगचा बसल्या जागचा खर्च वगळून उरणारा आकडा साधारण १६० असतो. घड्याळात साडेतीनशे-चारशे दिसले तर ते आवळलेल्या छातीचे ठोके आहेत.

घड्याळाचा पट्टा सैल असला की आणखी एक घोळ होतो. हाताच्या हेलकाव्याचा ताल आणि हृदयाचा ताल घड्याळाला वेगळे ओळखता येत नाहीत आणि ते पावलांनाच ठोके समजून बसतं. चालताना ठोक्यांचा आकडा अचानक उडी मारून एकाच जागी चिकटून बसला तर गळ्यावर बोट ठेवून पंधरा सेकंद नाडी मोजा आणि चारने गुणा. दोन्हींत मोठी तफावत असेल तर घड्याळ मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर, घट्ट बांधा.

घड्याळाचा आकडा अशक्य आहे का, हे ओळखायची एक साधी कसोटी आहे. कॅलरींना वजनाने भागा, मग तासांनी भागा. ताईंचे ४१० भागिले ६४ भागिले ०.७५, उत्तर साडेआठ. साध्या चालण्याचं हे उत्तर तीन ते चार असतं, भरभर चालण्याचं चार ते पाच, पाच टक्के चढावर दांडा न धरता भरभर चालण्याचं सहा. आठच्या वर जायला ताशी आठ किलोमीटरने धावावं लागतं. ताई धावलेल्या नव्हत्या. ही कसोटी टोटल कॅलरींना लावायची. घड्याळात ॲक्टिव्ह आणि टोटल असे दोन आकडे वेगळे दिसत असतील तर बसल्या जागचा खर्च वगळलेला आकडा ॲक्टिव्हचा, तेव्हा त्यातून पुन्हा वजाबाकी करू नका.

उलट दिशेची एक चूकही सांगायला हवी. मिरामारच्या किनाऱ्यावर पाण्याजवळच्या ओल्या, घट्ट वाळूवर चालणं रस्त्यासारखंच आहे. पण वरच्या कोरड्या, पाय रुतणाऱ्या वाळूत त्याच वेगाने चालायला दुपटीहून जास्त ऊर्जा लागते. पावलं आणि जीपीएस यांवर जास्त विसंबणारं घड्याळ तिथे कमी दाखवेल. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांचे ठोके औषधाने दाबलेले असतात, त्यांचाही आकडा खाली येऊ शकतो. म्हणून "घड्याळातल्या आकड्याचे सरसकट निम्मे धरा" हा सल्ला मला पटत नाही. चूक सगळीकडे सारखी असती तर भागाकार पुरला असता.

आकडा ताटात कसा शिरतो

इथवरची चूक नुसती पडद्यावर राहिली असती तर कुणाचं काही बिघडलं नसतं. ताईंच्या फोनमध्ये आहाराची नोंद ठेवणारं ॲप होतं आणि घड्याळ त्याला जोडलेलं होतं. ॲपने सुरुवातीला विचारलं, तुम्ही किती हालचाल करता? जिमला जाते म्हणून ताईंनी 'मॉडरेटली ॲक्टिव्ह' निवडलं. वय, वजन, उंचीवरून विश्रांतीचा खर्च येतो १२४० कॅलरी. त्याला या निवडीसाठी १.५५ ने गुणून ॲपने दिवसाचे १९२२ काढले. वजन कमी करायचं म्हणून ४०० वजा केले, राहिले १५२२. आणि मग प्रत्येक व्यायामाच्या दिवशी घड्याळाचे ४१० त्यात परत जोडले. जिमच्या दिवशी 'अजून खाऊ शकता' म्हणून १९३२ दिसू लागले.

जिम इथे दोनदा मोजली गेली, एकदा १.५५ मध्ये आणि एकदा ४१० मध्ये. बँकेत दिवसभर बसणं आणि घरची कामं धरून ताईंचा गुणक फार तर १.३, म्हणजे १६१२. त्यात पाच दिवसांचे १९० आठवड्यावर पसरले की रोजचे १३६ येतात. एकूण १७५० च्या आसपास. ॲपची परवानगी पाच दिवस १९३२ आणि दोन दिवस १५२२, सरासरी १८१५. म्हणजे ताई अगदी प्रामाणिकपणे ॲपचं ऐकत होत्या आणि रोज साठ-सत्तर कॅलरी जास्तच खात होत्या. दोन महिन्यांत त्याचं अर्धा किलो होतं, आणि ते पाण्याच्या चढउतारात दिसतही नाही.

बँकेतून परतताना हॉटेलात पाव आणि पातळ भाजी किंवा एक बन, घरी आल्यावर चहाबरोबर थोडं खारं. ॲपने मान्यता दिलेलं खाणं होतं ते. मी त्यांना दोष देऊ शकत नव्हतो.

पाच आठवड्यांची वही

आता योजनेकडे येतो. मूळ कल्पना अशी: व्यायामाचा आकडा अचूक करण्याच्या नादी लागायचं नाही. आपण किती खातो आणि वजन कुठे जातं या दोन गोष्टींवरून आपला खरा खर्च काढायचा. त्यात व्यायाम, घरकाम, बस पकडायला केलेली धावपळ, सगळं आपोआप येतं.

आधी ॲपमधलं व्यायामाच्या कॅलरी जोडणारं सेटिंग बंद करा. सापडत नसेल तर घड्याळ आणि ॲप यांची जोडणीच तोडा. हालचालीची पातळी विचारली असेल तिथे व्यायाम सोडून उरलेल्या दिवसाचं उत्तर द्या.

मग पाच आठवडे काहीही न बदलता नोंद ठेवा. सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, रोज वजन. एका दिवसाच्या वजनाला अर्थ नाही, आठवड्याची सरासरी काढायची. चवथीच्या दिवसांत नेवऱ्या, खतखतं आणि जागरण यांनी दोन दिवसांत दीड किलो चढतो आणि आठवड्यात उतरतो, म्हणून नोंदीचा पहिला किंवा पाचवा आठवडा सणाशी येऊ देऊ नका. पाच आठवडे का, तर पहिल्या आणि पाचव्या आठवड्याच्या सरासरीत बरोबर २८ दिवसांचं अंतर पडतं. पाळी येणाऱ्या स्त्रियांत चक्राच्या काही दिवसांत शरीर पाणी धरून ठेवतं, आणि २८ दिवसांच्या अंतराने बहुतेकींचा चक्रातला टप्पा जवळपास तोच असतो. ज्यांचं चक्र लांब किंवा अनियमित आहे त्यांनी स्वतःच्या दोन पाळ्यांनंतरचा आठवडा निवडावा आणि खालच्या सूत्रात २८ ऐवजी मधले खरे दिवस घालावेत. चार आठवडे नोंदवून पहिल्या आणि चौथ्याची तुलना केली तर मधलं अंतर २१ दिवसांचंच असतं. तिथे २८ ने भागून बरेच जण फसतात.

खाण्याची नोंद रोज करा आणि एकाच पद्धतीने करा. आपल्याकडे नोंदीतून निसटणाऱ्या दोन गोष्टी म्हणजे खोबरं आणि तेल. वीस ग्रॅम ओलं खोबरं सत्तर कॅलरींचं असतं आणि हुमणाच्या एका वाटीत तेवढं सहज जातं. मोठा चमचाभर खोबरेल तेल म्हणजे ११५-१२०. पूर्ण कुटुंबाच्या हुमणाला एक नारळ लागला आणि चार माणसं जेवली, तर आपल्या नावावर पाव नारळ लिहावा. अगदी काटेकोर जमलं नाही तरी हरकत नाही, मात्र रोज सारखंच चुकावं. कारण यातून निघणारा खर्चाचा आकडा आपल्या स्वतःच्या नोंदीच्या मापात असतो. नोंद शंभराने कमी असेल तर खर्चही शंभराने कमी निघेल आणि पुढची योजना त्याच मापाने चालेल.

पाच आठवड्यांनी एवढंच करायचं:

```
खरा खर्च = रोजचं सरासरी खाणं − (वजनातला बदल × ७७०० ÷ २८)
```

एक किलो चरबीत साधारण ७७०० कॅलरी, म्हणून तो आकडा. वजन वाढलं तर बदल अधिक, घटलं तर उणे. ताईंचं सरासरी खाणं १७९०. पहिल्या आठवड्याचं वजन ६४.१, पाचव्याचं ६४.३. बदल ०.२ किलो, त्याचे रोजचे ५५. खर्च १७३५. घड्याळाच्या आणि ॲपच्या हिशेबाने जिमच्या दिवशी तो २३३२ होता.

यातून आम्ही ३३५ वजा करून १४०० ठरवले. जिमचा दिवस असो की रविवार, रोज तेवढेच. व्यायाम १७३५ मध्ये आधीच बसलेला आहे, म्हणून परत काही जोडायचं नाही. ताईंना सुरुवातीला हे अन्यायाचं वाटलं. "म्हणजे मी येते त्याचं काहीच नाही?" मी वहीत दाखवलं, जिमला न येता हाच आकडा सोळाशेच्या घरात गेला असता आणि तेवढीच वजावट करायला ताट आणखी लहान करावं लागलं असतं. पाव सोडलेला नाही. दोनाचा एक झाला आणि पातळ भाजीबरोबर उसळ वाढली.

इन्सुलिन किंवा साखर खूप खाली आणू शकणाऱ्या मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी खाणं कमी करण्याआधी आपल्या डॉक्टरांना हा आकडा दाखवून डोस विचारून घ्यावा. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी हा हिशेब लावू नये.

पुढच्या २८ दिवसांत १.२ किलो उतरायला हवं होतं. उतरलं ०.९. असं बहुतेकांचं होतं आणि त्याला खरं कारणही आहे. व्यायाम वाढला की शरीर इतरत्र काटकसर करतं, बसण्याउठण्याची हालचाल नकळत कमी होते, आतला खर्चही थोडा आवरता घेतला जातो. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १७०० हून अधिक प्रौढांच्या ऊर्जेच्या खर्चाच्या मोजणीवर आधारलेल्या एका अभ्यासात ही भरपाई सरासरी २८ टक्के दिसली. म्हणजे व्यायामाचे खरे १९० सुद्धा दिवसअखेर १४० च्या आसपास उरतात. आकडा कमी आला म्हणून लगेच जेवण छाटू नका. आधी आठवडाभर खोबरं आणि तेल पुन्हा मोजून पाहा, घड्याळात व्यायामाबाहेरची पावलं घटली का ते पाहा. ताईंची पावलं घटली होती. जिमला यायला लागल्यापासून बाजाराला त्या स्कूटरने जाऊ लागल्या होत्या. त्यांनी स्कूटर घरी ठेवली आणि १४०० तसेच ठेवले.

जास्त खायचं ते कधी

रोजच्या पाऊण तासासाठी काही जोडायचं नाही, पण ठरलेल्या चाकोरीबाहेरचा मोठा दिवस असेल तर जोडायलाच हवं. माझी मर्यादा दीड तासाची आहे. वास्कोच्या रिव्हर मॅरेथॉनमध्ये कुणी ६४ किलोच्या धावपटूने २१.१ किलोमीटर पळाले, तर ६४ × २१.१ × १ = १३५०. इथे घड्याळाच्या कॅलरी न घेता घड्याळाचं अंतर घ्या, ते ठोक्यांवर अवलंबून नसतं आणि बरंच भरवशाचं असतं. या १३५० पैकी निम्म्याच्या आसपास त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी मिळून जादा खावं, हा माझ्या अनुभवातला अंदाज आहे. मुख्यतः भात, पोळी, केळी अशा रूपात. वजन कमी करायचं नसेल तर जवळपास सगळेच परत घ्यावेत. पावसाळ्यात सह्याद्रीत दिवसभर चढउतार करणाऱ्यांनी वरच्या सूत्रातली चढाची ओळ वापरावी.

घड्याळ काढून ठेवा असं मी कुणालाही सांगत नाही. तेच घड्याळ, तोच व्यायाम, तशीच हवा असेल तर ठोके पाहण्यासारखे असतात. ताई आता दोन टक्के चढावर, दांडा सोडून, ५.६ च्या वेगाने चालतात तेव्हा एसीतले त्यांचे ठोके तीन महिन्यांपूर्वीपेक्षा चौदाने कमी आहेत. गंमत म्हणजे त्यामुळे घड्याळ आता त्याच चालण्याच्या कॅलरी पूर्वीपेक्षा कमी दाखवतं, जरी पायांचं काम तेवढंच आहे. ती ओळ आम्ही वहीत लिहीत नाही. मिनिटं, अंतर, ठोके आणि आठवड्याचं सरासरी वजन, एवढेच चार रकाने आहेत. वजन चार किलोने बदललं किंवा कामाचं स्वरूप बदललं की पाच आठवड्यांची नोंद पुन्हा करायची. ताईंची ती जानेवारीत आहे.